झाकणावरचा तुकडा

जाहिदा तुंगेकर मराठी शिकवते हे ऐकल्यावर सानपाड्यातल्या नव्या सोसायट्यांमधले पालक पहिल्यांदा दचकायचे. "तुम्ही? मराठी?" असं कुणी तोंडावर विचारलंच तर बाई म्हणायच्या, "मग काय फारशी शिकवू? उरणच्या बाजूला जन्मले, आईची शिवी मराठीत खाल्ली, बी.ए. मराठीत केलं. आणखी काय दाखला पाहिजे?" मुलांना मात्र असले प्रश्न पडत नसत. बाईंचा आवाज मोठा, हात त्याहून मोठा आणि चुका शोधणारी नजर सगळ्यांत मोठी, एवढं त्यांना पुरे होतं.

उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यापासून जवळच त्यांचं माहेर. वडील मासळीचा व्यापार करायचे. मुलगी शिकते म्हणजे बिघडते असं मानणाऱ्या चार नातेवाइकांना वडिलांनी पायरीवरूनच परत पाठवलं होतं. लग्न होऊन त्या नजीबच्या घरी आल्या. नजीब तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. सिडकोचं दोन खोल्यांचं घर मिळालं तेव्हा सानपाडा म्हणजे अर्धं गाव, अर्धं खोदकाम. त्या खोदकामाच्या कडेलाच ही शाळा उभी राहिली आणि बाई पहिल्या दिवसापासून तिच्यात.

शाळा कसली, धर्मशाळाच ती. मूळ गावातल्या आगरी-कोळ्यांची मुलं होतीच. त्यांत दर महिन्याला नवी भर. कुणी खानदेशातून, कुणी कोकणातून, कुणाचा बाप कारखान्यात, कुणाचा तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहतो. पंच्याण्णव साली, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, अशीच एक सहावीत आली. वैजंता खिलारे. सांगली जिल्ह्यातल्या जतकडची. वडील नामदेव खिलारे बाजारात माथाडी. पोरगी काटकुळी, वेण्या घट्ट, तोंड त्याहून घट्ट. दाखला गावच्या शाळेतून यायचा होता, तो येईना.

मुख्याध्यापक हौसेराव सर शिस्तीचे. ते म्हणाले, "जाहिदाबाई, तुम्ही म्हणता म्हणून सहावीत बसवतो. पण चाचणीत सगळ्या विषयांत पास झाली पाहिजे. एकातही नापास, तर पाचवीत. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"मी कधी रडले आहे, सर?"

"तुमचं नाही म्हणत. तिच्या बापाचं म्हणतोय."

गणितात वैजंता चांगली होती. प्रश्न मराठीचाच होता. ती बोलायची तसं लिहायची, आणि लिहायची तेही इतकं आखूड की जणू शाईला रेशनकार्ड लागतं. पाचवीत परत बसणं म्हणजे काय, हे शहाण्या माणसांना समजावून सांगायला नको. घरी सांगतील, बघू पुढच्या वर्षी. मग धाकटं भावंड सांभाळ. मग पुढचं वर्ष येतच नाही. जाहिदाबाईंनी अशा चारपाच मुली गमावल्या होत्या, आणि त्यांची नावं त्यांना पाढ्यासारखी पाठ होती.

सहावीकडून त्या दर शनिवारी रोजनिशीच्या वह्या मागून घ्यायच्या. आठवड्यातल्या कुठल्याही एका दिवसाचं एक पान, काहीही. "शुद्धलेखन मी तपासणार नाही, खोटेपणा तपासीन," असं सांगून ठेवलं होतं. वैजंताने पहिले दोन शनिवार 'उठले, जेवले, झोपले' एवढंच लिहिलं. तिसऱ्या शनिवारी मात्र पान भरलं. बाईंनी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. चाचणीसाठी न वाचलेला उतारा त्या शोधतच होत्या. पुस्तकांतले उतारे मुलांना शिकवणीत पाठ करून मिळतात. पाठ केलेलं आकलन म्हणजे चावून दिलेला घास. हा उतारा ताजा होता, मुलांच्याच जगातला होता, आणि त्याचं मर्म न सांगितलेल्या गोष्टीत होतं.

"वैजंता, हे मी परीक्षेला घेऊ? तुझं नाव काढून टाकीन."

"घ्या की," वैजंता म्हणाली. नवी आलेली मुलं कशालाच नाही म्हणत नाहीत, हे बाईंच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

उतारा काढणं हे सोपं काम नाही. लोकांना वाटतं, मजकूर उतरवला, खाली चार प्रश्न टाकले, झालं. जाहिदाबाईंची पद्धत ठरलेली होती. जिथे लिहिणाऱ्याने आपली भावना स्वतःच सांगून टाकली असेल ते वाक्य पहिल्यांदा कापायचं. 'मला आनंद झाला' असं उताऱ्यात असताना 'तिला काय वाटले' असं विचारणं म्हणजे मुलांना नकलून काढायला लावणं. भावना वागण्यातून दिसली पाहिजे. कारण विचारायचं तर ते कुठेही लिहिलेलं नको, पण त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या दोन तरी खुणा हव्यात. एकच असेल तर अंदाज होतो, वाचन होत नाही. आणि प्रत्येक उत्तराला शेपूट हवंच: कशावरून? 'मला वाटतं म्हणून' याला शून्य.

शिवाय प्रती काढायचा स्टेन्सिल एकच. उतारा आणि प्रश्न एकाच कागदावर बसले पाहिजेत. शिपाई दुसरा कागद देताना आपल्या खिशातून काढल्यासारखा चेहरा करायचा. तेव्हा लाल पेन्सिलीने बाईंनी तीन वाक्यं उडवली. एकात आनंद झाल्याचं लिहिलं होतं. एकात हाक मारणाऱ्या मुलीचं नाव होतं. तिसरं त्यांना फापटपसारा वाटलं. भाषा जरा सारखी केली आणि उतारा असा झाला:

'आज शुक्रवार. नव्या शाळेतला माझा तिसरा आठवडा. आजपर्यंत मधल्या सुट्टीत मी पायरीवर एकटी बसायचे. आज एका मुलीने हाक मारून मला आपल्याजवळ बसवले. सगळ्यांचे डबे उघडे होते. मी माझा डबा मांडीवर घेतला आणि झाकणाला हात लावला. तेवढ्यात त्या मुलीने आपल्या डब्यातला मासळीचा मोठा तुकडा काढून आपल्या झाकणावर ठेवला. म्हणाली, हा तुझा. मी म्हणाले, माझ्या पोटात दुखते. मी डबा उघडला नाही. ती काही बोलली नाही. शाळा सुटल्यावर मी बसस्टॉपच्या बाकावर बसून भाकरी आणि चटणी खाल्ली. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी विचारले, कसली भाकरी? मी सांगितले, ज्वारीची. त्यांना अर्धी दिली. उद्या ती मुलगी मला हाक मारील का?'

खाली प्रश्न. पहिला साधा, उत्तर उताऱ्यातच. दुसरा: हाक मारल्यावर लेखिकेला काय वाटले असेल? कोणत्या वाक्यावरून? तिसरा: शेवटच्या वाक्यात कोणती भीती लपली आहे? आणि चौथा, चार गुणांचा: लेखिकेने डबा का उघडला नाही? कारण उताऱ्यात लिहिलेले नाही. कारणाला दोन गुण, आधाराला दोन.

त्या रात्री जेवताना त्यांनी उतारा नजीबला वाचून दाखवला. पुढ्यात तळलेले बोंबील होते.

"सांग बघू, पोरीने डबा का नाही उघडला?"

"लाजली असेल," नजीब काटा बाजूला ठेवत म्हणाला. "सगळ्यांकडे मासळी, चपाती, हिच्याकडे भाकरी-चटणी. दुसरं काय?"

"तेच लिहिलंय मी."

"मला एवढंच कळत नाय, मासळीचा तुकडा सोडला कसा हिने? मी असतो तर पोटदुखी तुकडा खाल्ल्यावर काढली असती."

बाई हसल्या आणि नमुना उत्तराच्या वहीत लिहून टाकलं: 'स्वतःच्या साध्या जेवणाची लाज वाटली.' मग बसस्टॉपचं वाक्य डोळ्यांपुढे आलं. उघड्यावर बसून खाल्लं, वाटलंसुद्धा. बाईंनी जरा विचार केला आणि ठरवलं की परक्या बाईपुढे लाज वाटत नाही, वर्गातल्या मुलींपुढे वाटते. पटण्यासारखं होतं. समुद्राकाठच्या दोन माणसांनी बोंबील खाता खाता तो उतारा वाचला होता. मासळी समोर आली की अडचण मासळीचीच असू शकेल, हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

चाचणी झाली. बाई नेहमी प्रश्नाप्रमाणे तपासायच्या, आधी सगळ्यांचा पहिला, मग सगळ्यांचा दुसरा. म्हणजे एका मुलाच्या चांगल्या अक्षराची माया दुसऱ्या प्रश्नाला लागत नाही. चौथ्या प्रश्नाला बहुतेकांनी 'लाज' लिहिलं होतं. दोनतीन वात्रटांनी 'तुकड्यात काटे होते' असंही लिहिलं होतं. दिशा कोळी नावाच्या मुलीने मात्र अर्धं पान भरलं होतं. दिशा सानपाडा गावातली, आजी मासळी विकणारी, तोंडाने फटाकडी. लाज हा शब्दच उत्तरात नाही हे पाहून बाईंनी 'लांबण लावू नकोस' असा शेरा मारून एक गुण दिला.

गठ्ठ्यात सगळ्यांत खाली, नवी म्हणून, वैजंताचा पेपर. तिने लिहिलं होतं: 'माझ्या गळ्यात माळ हाय म्हनून. नको म्हटलं तर तिला वाईट वाटलं आसतं.'

बाईंना वाईट वाटलं, रागही आला. किती वेळा सांगितलं होतं, उतारा कुणाचा हे विसरा, जे कागदावर आहे त्यातूनच बोला! कुठली माळ? उताऱ्यात माळ नव्हती. त्यांनी लाल पेन्सिलीने लिहिलं, 'आधार नाही,' आणि शून्य दिलं. बेरीज केली. वैजंता दोन गुणांनी नापास.

त्यांनी पुन्हा बेरीज केली. आकडे काही माणसाच्या मनाकडे पाहून हलत नाहीत.

सोमवारी पेपर वाटले. वैजंताने आपला पेपर पाहिला, घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि आणखी घडी घालता येईना तेव्हा मुठीत धरून बसली. पाचवीची अट तिला ठाऊक होती. तेवढ्यात दिशा उभी राहिली.

"बाई, मना एकच मार्क?"

"उत्तर चुकलं की एकसुद्धा जास्तच."

"नाय चुकला, बाई. तुमचाच चुकलाय."

जाहिदाबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "सिद्ध कर. उताऱ्यातून. बाहेरचा एक शब्द चालणार नाही."

दिशाने प्रश्नपत्रिका हातात घेतली. "ती डबा उघडतच होती, बाई. झाकनाला हात लावला असं लिवलंय. सगळ्या पोरी बसल्या व्हत्या तरी लावला. मंग लाज कुठं? लाज वाटली असती तर हातच लावला नसता. तुकडा ठेवला, त्याच्या मागून पोटात दुखायला लागलं. आदी दुखत नव्हतं."

"पुढे?"

"पुढं बसस्टॉपवर भाकरी खाल्ली. म्हंजे पोट काय दुखत नव्हतं. त्या बाईला अर्धी दिली, ज्वारीची म्हनून सांगितलं पन. लाजनारी मानसं दडवतात, बाई, वाटत नाय. म्हंजे तिला तो तुकडा नको व्हता, आनि नको म्हनायचं पन नव्हतं." दिशाचा आवाज इथे जरा उतरला. "तुकडा का नको, ते उताऱ्यात नाय. म्हनून मी लिवलं नाय."

जाहिदाबाईंनी प्रश्नपत्रिका उचलली आणि उभ्यानेच पुन्हा वाचली. झाकणाला हात. तेवढ्यात. आपणच उतरवून काढलेलं 'तेवढ्यात' आपल्याला दिसू नये! वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो, क्रम पाहा, आधी काय घडलं आणि मागून काय. आणि स्वतः नमुना उत्तर आधी ठरवून मग उताऱ्याला त्यात कोंबलं.

"दिशा, तू बरोबर आहेस," त्या म्हणाल्या. "खाली बस. टाळ्या नकोत."

मग त्या वैजंताच्या बाकापाशी गेल्या. "माळ कुठून आणलीस गं?"

वैजंता उठली. "म्या लिवलेलं की, बाई. वहीत."

बाईंनी कपाटातून तिची रोजनिशीची वही काढली. लाल पेन्सिलीची रेघ स्वच्छ दिसत होती, आणि रेघेखालचं वाक्यही: 'म्या गळ्यातली तुळशीची माळ फ्राकच्या आत सारली.' हाच तो फापटपसारा. वैजंताने हळूच सांगितलं ते एवढंच: माळकऱ्याचं घर, माळ घातली की मासमच्छी बंद. एवढी साधी गोष्ट जतच्या कुठल्याही पोराने डोळे मिटून सांगितली असती. बाईंना ते वाक्य वाचताना माळ म्हणजे नुसता दागिना वाटला होता. पोरगी माळ दिसू नये म्हणून लपवते आहे, म्हणजे जिने जवळ बसवलं तिचं मन जपते आहे. त्या एका वाक्यात सगळं उत्तर होतं, आणि स्टेन्सिलला जागा नाही म्हणून त्यांनी ते उडवलं होतं.

वैजंताच्या मागच्याच बाकावर बसून हे ऐकणारी दिशा एकदम म्हणाली, "मंग सांगायचं ना गो! मना वाटलं, कोळ्याचा डबा म्हनून तोंड फिरवलंस. पंधरा दिवस तुज्याशी बोलली नाय मी."

"सांगितलं आसतं तर तू तुकडा परत डब्यात ठेवला आसतास," वैजंता म्हणाली. "सगळ्यांच्या म्होरं."



जाहिदाबाई सरळ हौसेराव सरांच्या खोलीत गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, नियम तुमचाच. उताऱ्यात आधार नसेल तर गुण नाही. तिच्या उत्तराला उताऱ्यात आधार आहे?"

"नाही."

"मग? तुम्हाला ती पास करायची आहे, म्हणून हे चाललंय. उद्या दुसरा बाप येईल, माझ्याही पोराच्या मनात होतं म्हणेल."

"आधार होता, सर. मी कापला. गणिताच्या बाईंनी उदाहरणातला आकडा गाळला तर पोरांना नापास कराल?"

मुद्दा बिनतोड होता आणि बिनतोड मुद्दे सरांना आवडत नसत.

"मी तिला गुण वाढवून मागत नाही," बाई म्हणाल्या. "चौथा प्रश्न रद्द. सगळ्या वर्गाचा. उद्या कापलेलं वाक्य उताऱ्यात परत घालून फळ्यावर लिहीन. सगळे पुन्हा लिहितील, नावं मागच्या बाजूला. तपासणार तुम्ही. मी नाही."

"मी? मी इतिहासाचा माणूस."

"तेच बरं. पुराव्याची सवय असेल."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर उतारा आला. आता प्रश्न जास्त सोपा झाला का? झाला थोडा. पण वर्गातली निम्मी मुलं किनाऱ्याची आणि त्यांतल्या कित्येकांनी 'माळ हरवेल म्हणून आत घातली' असंच लिहिलं. उत्तराची चर्चा घरी करायची नाही अशी ताकीद होती. ती किती पाळली गेली हे विचारण्यात अर्थ नव्हता. ज्याला आधार मांडता येत नव्हता त्याला ऐकलेलं उत्तरही धड लिहिता आलं नाही, एवढं मात्र कागदांवर दिसत होतं.

हौसेराव सर कराडकडचे. कागद तपासता तपासता ते वैतागले. "अहो, तुळशीची माळ म्हटल्यावर आणखी काय सांगायचं राहिलं? माझी आत्या माळकरी होती. वेगळी चूल मांडायची. हे न कळण्यासारखं आहे तरी काय? कुणाला कळलं नाही हे?"

"मला," जाहिदाबाई म्हणाल्या.

सरांनी वर पाहिलं. मग पुढचा कागद घेतला. एका कागदावर ते थांबले. अक्षर किरटं, ओळी मोजक्या. 'ती माळकरी हाय. तिनं माळ आत सारली कारन त्या मुलीला दिसली आसती तर तुकडा ठेवल्याचं वाईट वाटलं आसतं. तिनं पोटात दुखतं आसं खोटं सांगितलं. बसस्टॉपवर खाल्लं यावरनं खोटं कळतं. पन ते वाईट खोटं न्हाई.'

"शेवटच्या वाक्याला उताऱ्यात आधार नाही," सर म्हणाले. त्यांनी चारपैकी चार दिले आणि मगच कागद उलटून नाव पाहिलं. "सहावीच्या हजेरीवर पक्कं नाव चढवा हिचं. आणि नामदेव खिलाऱ्यांना सांगा, दाखल्यासाठी मी स्वतः गावच्या शाळेला पत्र टाकतो."

ज्यांनी पहिल्या वेळी 'लाज' लिहिलं होतं, त्यांना बाईंनी वर्गात सांगितलं, "तुम्ही चुकलात, पण माझ्यामागून चुकलात. मी आधी चुकले." मुलांना हे फार आवडलं. पुढे वर्षभर ती हे वाक्य एकमेकांना ऐकवत राहिली, आणि बाई ते ऐकू न आल्यासारखं करत राहिल्या.

त्यानंतर त्यांनी एक मात्र केलं. कुठलाही उतारा काढला की तो आधी दोन माणसांना द्यायचा, एक किनाऱ्याचं आणि एक घाटावरच्या मुलखाचं, आणि नमुना उत्तर त्यांच्यानंतर लिहायचं. नजीबची किनाऱ्याच्या जागी कायमची नेमणूक झाली. "बोंबील खाऊन झाल्यावर वाचीन," एवढीच त्याची अट होती.

पुढच्या शनिवारी रोजनिशीच्या वह्या आल्या. जाहिदाबाई लाल पेन्सिल घेऊन बसल्या. वैजंताची वही उघडली. पान भरलेलं नव्हतं. दोनच ओळी होत्या.

'आज मधल्या सुट्टीत दिशानं हाक मारली. तिनं झाकनावर काहीच ठेवलं न्हाई. मला लई बरं वाटलं.'

'काहीच ठेवलं नाही तर बरं का वाटलं?' असा चांगला चार गुणांचा प्रश्न होता. बाईंची पेन्सिल समासापर्यंत गेली. मग त्यांनी ती खाली ठेवली, वही मिटली आणि पुढची ओढली.